वाडीचा बोकड कसा निवडावा आणि केव्हा बदलावा

रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत बहुतेक वाड्यांतून शेळ्या पाळल्या जातात. त्यांचे कळप लहान असतात. एका घरी दोन, दुसऱ्या घरी पाच, असे मिळून वाडीत तीस-चाळीस शेळ्या भरतात आणि त्या सर्वांना मिळून एकच बोकड असतो. हा बोकड कोणी निवडला, असे विचारल्यास बहुधा उत्तर मिळत नाही, कारण तो निवडलेला नसतो; विकला न गेल्यामुळे तो मागे राहिलेला असतो.

हे असे घडते याचे कारण बाजारात आहे. जे करडू सर्वांत लवकर वाढते तेच व्यापाऱ्याच्या नजरेत प्रथम भरते. बकरी ईदच्या सुमारास अंगाने भरलेल्या नरास चांगली किंमत येते. पुढे आषाढाच्या शेवटी श्रावण लागण्यापूर्वी मटणाची मागणी पुन्हा वाढते. या दोन्ही वेळी वाडीतील उत्तम नर निघून जातात. उरतो तो उशिरा जन्मलेला, नाही तर खुरटलेला, आणि पुढील वर्षाच्या करडांचा बाप तोच होतो. पिढ्यान् पिढ्या असे चालले म्हणजे शेळीपालक नकळत लहान व मंद वाढीच्या जनावरांचीच निवड करीत राहतो. अशा ठिकाणी खुराक वाढवून किंवा गोठा सुधारून थोडाफार गुण येतो, परंतु मूळ दोष तसाच राहतो.

म्हणून बोकडाच्या निवडीचा पहिला नियम असा की, ती विक्रीच्या हंगामापूर्वी झाली पाहिजे. बकरी ईदची तारीख दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे येते. 2025 साली ती 7 जून रोजी होती, म्हणजे सध्या हा सण पावसाळ्याच्या तोंडाशी येत आहे. त्याच्या महिनाभर आधी वाडीतील सर्व नर करडे एकत्र आणून त्यांतील उत्तम दोन राखून ठेवावीत. दोन ठेवण्याचे कारण पुढे दिले आहे.

उत्तम कोणते, हे केवळ नजरेने ठरवू नये. स्प्रिंगच्या काट्याला पोत्याची झोळी अडकवून वजन घेता येते. वजन तीन महिन्यांचे असताना एकदा व साधारण वर्षाचे झाल्यावर एकदा घ्यावे. मात्र तुलना सारख्याशी सारख्याची व्हावी. एकटे जन्मलेले करडू आईचे सर्व दूध पिते, जुळ्यांपैकी प्रत्येकास त्याचा वाटाच मिळतो. समजा, एकटे जन्मलेले करडू तीन महिन्यांत अकरा किलो भरले आणि जुळ्यांपैकी एक साडेनऊ किलो भरले, तर पहिले करडू अधिक चांगले असे म्हणता येत नाही; दुसऱ्याची अंगभूत वाढ बहुधा अधिक असते. शिवाय ज्या शेळीने दोन्ही करडे स्वतःच्या दुधावर जगविली तिचा तो मुलगा आहे, ही त्याची जमेची बाजू होय. जुळे होण्याचा गुण बापाकडून मुलीत फारच थोडा उतरतो, वाढीचा गुण त्याहून बराच अधिक उतरतो. म्हणून जुळेपणाकडे पाहावे, पण भर वाढीवर द्यावा.

चांगला नर राखून ठेवण्यात शेळीपालकाचे नुकसान होते, ही गोष्ट नाकारण्यात अर्थ नाही. ईदला मिळणारे रोख पैसे सोडून देण्यास तो सहजी तयार होत नाही, आणि त्याचे चुकते असेही नाही. हिशेब केला म्हणजे हे नुकसान कोणी सोसावे ते स्पष्ट होते. समजा, राखलेला बोकड वर्षाचा असताना आपल्या बरोबरीच्या नरांपेक्षा सहा किलोंनी भारी आहे. या सहा किलोंपैकी सुमारे तीन-दशांश भाग रक्ताचा आणि उरलेला चाऱ्याचा, निगेचा व योगायोगाचा मानावा. रक्ताचा भाग झाला 1.8 किलो. करडाचे निम्मे रक्त आईचे असल्यामुळे त्यातील निम्मे, म्हणजे 900 ग्रॅम, प्रत्येक करडाला सरासरीने मिळेल. वाडीत 32 शेळ्या असून वर्षाला 40 करडे जगत असतील तर वाडीचा एकूण लाभ 36 किलो जिवंत वजनाचा झाला, म्हणजे एका मोठ्या बोकडाइतका, आणि तोही दरवर्षी. लाभ नऊ घरांचा आणि तोटा एकाच घराचा, अशी ही स्थिती आहे. तेव्हा ईदच्या भावाने त्या बोकडाची किंमत ठरवून ती शेळ्यांच्या संख्येप्रमाणे सर्व घरांनी वाटून घेणे, हाच व्यवहार्य मार्ग आहे. जेथे अशी वर्गणी होत नाही तेथे चांगला बोकड टिकत नाही.

आता दोन नर राखण्याचे कारण पाहू. या किनाऱ्यावर जनावराची खरी परीक्षा पावसाळ्यात होते. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येथे अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. ओल्या गवतावरून पोटात जाणारे रक्तपिपासू गोलकृमी आणि चिखलाने सडणारे खूर, हे दोन शत्रू येथे शेळीला खाली आणतात. काही जनावरे जंतांना मुळातच अधिक दाद देत नाहीत आणि हा गुण पुढील पिढीत उतरतो. तो ओळखण्यास प्रयोगशाळेची गरज नाही. दर पंधरवड्यास दोन्ही नरांची खालची पापणी बोटाने ओढून आतील रंग पाहावा. तो लालसर असेल तर रक्त ठीक आहे. फिकट गुलाबी असेल तर आठवड्याने पुन्हा पाहावा. पांढुरका असेल, किंवा जबड्याखाली पाणी भरल्यासारखी सूज दिसेल, तर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने तत्काळ जंतनाशक द्यावे. परीक्षेसाठी जनावर मरू देऊ नये, पण औषध दिल्याची तारीख लिहून ठेवावी. भाद्रपद संपेपर्यंत ज्याला एकदाही औषध लागले नाही किंवा सर्वांत कमी वेळा लागले, तो नर पहिला समजावा. दुसरा नर आता विकण्यास हरकत नाही.

घाटावरून विकत आणलेल्या बोकडाची अशी परीक्षा झालेली नसते, ही गोष्ट खरेदी करताना ध्यानात ठेवावी. उस्मानाबादी ही मराठवाड्याच्या कोरड्या हवेतील उत्तम जात आहे. परंतु ऑक्टोबरात आणलेला देखणा उस्मानाबादी बोकड पुढच्या श्रावणात कसा राहील हे त्याच्या अंगावर लिहिलेले नसते. त्याहूनही मोठ्या अंगाच्या उत्तरेकडील जातींचे बोकड येथील लहान शेळ्यांना लावले तर करडू मोठे होऊन विताना शेळी अडण्याचा धोका असतो. दमट हवेत रुळलेला बाहेरचा नर हवा असल्यास सिंधुदुर्गातील कोकण कन्याळ ही जात जवळची आहे. काळ्या अंगावर पांढऱ्या खुणा, नाकपुडीपासून कानापर्यंत तोंडाच्या दोन्ही बाजूंस पांढरा पट्टा आणि लांब पाय ही तिची ओळख. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषि विद्यापीठाने तिच्यावर काम केले आहे.

पावसाळा काढलेल्या नराची अंगतपासणी हाताने करावी. पायापासून आरंभ करावा, कारण पाय गेलेला बोकड शेळीवर चढू शकत नाही. चारही खूर बंद व सारखे असावेत, खुरांच्या बेचक्यात बोट घालून दुर्गंधी किंवा ओल नाही हे पाहावे, आणि जांभ्याच्या कठीण जमिनीवर चालवून तो लंगडत नाही याची खात्री करावी. खुरावरचा सांधा जमिनीकडे झुकलेला नसावा. नंतर तोंड उघडून खालचे दात वरच्या हिरडीच्या कडेला नीट टेकतात का ते पाहावे. दात पुढे किंवा मागे पडलेला नर चरण्यात कमी पडतो आणि हा दोष करडांतही उतरतो.

वृषणांच्या तपासणीत संकोच करून चालत नाही. दोन्ही वृषणे पिशवीत पूर्ण उतरलेली, आकाराने सारखी आणि दाबल्यास टणक पण लवचिक अशी लागली पाहिजेत. एक लहान, एक मऊ, किंवा कोठे गाठ, असे आढळल्यास तो नर कितीही वजनदार असला तरी सोडून द्यावा. एकाच वृषणाचा बोकड शेळी गाभण ठेवू शकतो, म्हणून लोक तो चालवून घेतात. पण तो दोष मुलांत जातो. टेपने पिशवीचा सर्वांत जाड भागाचा घेर मोजावा आणि एकाच वयाच्या नरांत ज्याचा घेर अधिक तो पसंत करावा.

बिनशिंगी बोकडाविषयी थोडे सांगावयास हवे. तो शांत असतो म्हणून काहींना आवडतो. परंतु शेळ्यांमध्ये शिंगे नसण्याच्या गुणाबरोबर वांझपणाचा एक दोष जोडलेला असतो. हा दोष मुख्यतः युरोपीय जातींत अभ्यासिला गेला आहे. बाप व आई दोघेही बिनशिंगी असतील तर काही पाटी धड मादी न होता अर्धवट नरासारख्या निपजतात व कधीच गाभण राहत नाहीत. यास्तव वाडीत बिनशिंगी शेळ्या असल्यास बोकड शिंगांचाच घ्यावा.

येथवर निवड झाली. परंतु एवढ्या कसोटीने पारखलेला हा बोकड त्याच्या स्वतःच्या वाडीत वापरावयाचा नाही, कारण तेथे त्याची आई आहे, बहिणी आहेत, आणि बहुतेक पाटी त्याच्याच बापाच्या आहेत. तो शेजारच्या वाडीस द्यावयाचा आणि तेथील पारखलेला नर आपण घ्यावयाचा.

रक्ताच्या नात्यात संयोग झाल्याने काय होते ते थोडक्यात असे. प्रत्येक जनावरास प्रत्येक गुणाचा एक वाटा बापाकडून व एक आईकडून मिळतो. यांतील एखादा वाटा सदोष असला तरी दुसरा चांगला असल्यामुळे तो झाकून राहतो. बापाचा संयोग त्याच्याच मुलीशी झाला तर करडाच्या अशा जोड्यांपैकी सरासरीने चौथा हिस्सा एकाच मुळापासून आलेला, म्हणजे दोन्हीकडे तोच असतो. तेथे झाकणारे कोणी उरत नाही. सख्ख्या भावंडांत व आई-मुलात हेच प्रमाण पडते. एका बापाच्या पण निरनिराळ्या आयांच्या भावंडांत ते आठवा हिस्सा असते. परिणाम एकदम दिसत नाही. प्रथम जन्माचे वजन घटते, पहिल्या महिन्यातील मरतूक वाढते, शेळ्या उलटतात, जुळी कमी होतात. वाकडा जबडा किंवा पायाचे व्यंग दिसू लागले म्हणजे गोष्ट बरीच पुढे गेलेली असते.

ही लक्षणे जंतांमुळे वा चाऱ्याच्या टंचाईमुळेही दिसतात, त्यामुळे शेळीपालक दोष हवेला देतो. फरक ओळखण्याची एक खूण आहे. त्याच हंगामात त्याच वाडीत एखादी शेळी परक्या बोकडाला लागून व्यायली असेल तर तिच्या करडांशी इतरांची तुलना करावी. तिची करडे चांगली आणि बाकीची कमजोर असतील तर दोष चाऱ्यात नाही. सर्वांचीच सारखी कमजोर असतील तर आधी जंत व खुराक पाहावा.

आता बोकड किती काळ ठेवावा या मुख्य प्रश्नाकडे वळू. दोन वर्षांनी बोकड बदलावा, असे सर्वत्र सांगितले जाते. हा आकडा वाडीच्या कळपात तपासून पाहू. समजा, नवा बोकड 1 नोव्हेंबर 2025 रोजी वाडीत आला आणि त्याच दिवशी एक शेळी लागली. शेळीचा गाभणकाळ सुमारे 150 दिवसांचा, म्हणजे तिची पाट 2026 च्या मार्चअखेर जन्मेल. ही पाट सात-आठ महिन्यांत पहिल्यांदा माजावर येते, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबर 2026 मध्ये. सर्व शेळ्या एकत्र चरत असतील तर त्या दिवशी तिला भेटणारा नर तिचा बापच असेल. बोकड येऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालेले असते. दोन वर्षे थांबलो तर 2027 च्या नोव्हेंबरापर्यंत वर्षभरात जन्मलेल्या बहुतेक सर्व पाटी बापाकडून गाभण राहिलेल्या असतील.

यावरून नियम असा निघतो की, बोकडाची मुदत त्याच्या पहिल्या मुलीवरून मोजावी. जेथे पाटी मोकळ्या चरतात तेथे बारा महिन्यांनी बोकड हलवावा. जेथे पाटी घरी बांधून वर्षाच्या होईपर्यंत नराजवळ जाऊ देत नाहीत तेथे मुदत सतरा-अठरा महिन्यांपर्यंत जाते. पाटीला वर्षाची करून मगच लावणे तिच्या स्वतःच्या वाढीसाठीही योग्य होय. दोन वर्षांची मुदत केवळ अशा ठिकाणी चालेल, जेथे त्याच्या मुली विकल्या जातात किंवा दुसऱ्या बोकडाकडे नेल्या जातात.

बोकड बदलूनही एक वाट उघडी राहते, ती त्याच्या मुलांची. नर करडे चार-पाच महिन्यांची झाली की शेळी गाभण ठेवू शकतात. लोक त्यांना लहान समजून आई-बहिणींबरोबर सोडतात आणि बापाला बदलल्याचे सार्थक नाहीसे होते. तीन महिने पूर्ण होताच नर वेगळे करावेत, नाही तर पशुधन पर्यवेक्षकांकडून चिमट्याने खच्ची करून घ्यावेत. ज्यांना नर अखंड ठेवूनच विकावयाचा आहे त्यांनी चरावयास सोडताना त्याच्या पोटाखाली जाड फडके बांधावे. ते वरचेवर सैल होते, म्हणून रोज पाहावे लागते.

अदलाबदल किती वाड्यांत करावी, यालाही हिशेब आहे. दोनच वाड्यांनी आपसात बोकड बदलले तर पहिल्या फेरीनंतर त्याला परत जावयास स्वतःचे घरच उरते. चार वाड्यांची साखळी असेल तर पहिल्या वाडीत जन्मलेला बोकड दीड वर्षाचा असताना दुसरीत जातो, दीड वर्षाने तिसरीत आणि पुन्हा दीड वर्षाने चौथीत. चौथीतील मुदत संपते तेव्हा तो सहा वर्षांचा होतो, त्याची उमेद उतरलेली असते आणि जन्मस्थानी परतण्याचा प्रश्नच येत नाही. चारही वाड्यांनी एकाच महिन्यात बोकड हलविले म्हणजे कोणतीही वाडी रिकामी राहत नाही. दुसऱ्या फेरीसाठी नवे नर राखताना मात्र चारांपैकी निदान एक नर साखळीबाहेरून आणावा, कारण तोपर्यंत सर्व वाड्यांत एकमेकींचे रक्त मिसळलेले असते.

बोकडाबरोबर रोगही वाडी बदलतो. म्हणून नव्या वाडीत त्याला तीन आठवडे वेगळे बांधावे, पी.पी.आर.ची लस झाली आहे की नाही ते पाहावे, आणि शक्य असेल तेथे सांसर्गिक गर्भपातासाठी रक्त तपासून घ्यावे. मागील दोन महिन्यांत त्याला जोराचा ताप येऊन गेला असेल तर त्याच्याकडून लगेच अपेक्षा धरू नये. वीर्य तयार होण्यास सुमारे सात-आठ आठवडे लागतात. तरुण बोकडास पहिल्या हंगामात दहा-पंधरा शेळ्यांहून अधिक देऊ नयेत, पूर्ण वाढ झालेल्यास पंचवीस-तीस पुरे. लागलेल्या शेळ्या तीन आठवड्यांनी पुन्हा माजावर येतात का याकडे लक्ष ठेवावे. एखाददुसरी उलटली तर तो तिचा दोष असू शकतो, पण तीनांत एक या प्रमाणात उलटू लागल्या तर बोकड तपासावा.

मेंढ्यांच्या बाबतीत येथील स्थिती वेगळी आहे. या पावसात मेंढी टिकत नाही, त्यामुळे किनाऱ्यावर कायमचे कळप नाहीत; भात कापल्यावर घाट उतरून येणारे धनगर बांधव शेतात मेंढ्या बसवितात व पावसाळ्यापूर्वी परत जातात. मेंढा निवडताना वरील सर्व कसोट्या लागू आहेत, मात्र लोकरीमुळे डोळा फसतो, म्हणून पाठीचा कणा व मांड्या हाताने चाचपून पाहाव्यात. मेंढ्यात न दिसणारा एक गुण आता रक्ततपासणीने कळतो. बंगालमधील सुंदरबनाच्या गारोळ मेंढीत जुळी देणारा एक विशिष्ट घटक आहे. फलटणच्या निंबकर कृषि संशोधन संस्थेने तो दख्खनी मेंढ्यांत आणून नारी सुवर्णा ही मेंढी तयार केली. ज्या मेंढ्यात या घटकाचे दोन्ही वाटे आहेत त्याच्या प्रत्येक मुलीत एक वाटा उतरतोच. पण जुळी पोसण्याइतका चारा नसेल तर असा मेंढा घेऊ नये.

साखळीतून बाहेर पडलेल्या सहा वर्षांच्या बोकडाला उग्र वास येतो, त्यामुळे त्याला भाव कमी मिळतो. विकण्यापूर्वी दोन-तीन महिने त्याला पशुवैद्यकाकडून खच्ची करवून घेऊन खुराक दिल्यास वास बराच कमी होतो व अंगही भरते. ही विक्री होईल तेव्हा आलेली रक्कम पुढचा नर राखण्याच्या वर्गणीत जमा करावी.